तेजीत टिकून राहण्यासाठी केल्टनर चॅनेल

भाव वरच्या बॉलिंजर बँडला टेकला की ‘आता महाग झाला’ म्हणून शेअर विकून मोकळे होणारे पुष्कळ असतात. मग तोच शेअर त्या बँडला घासत आठवडेच्या आठवडे वर जातो. तेजी अशी हातची जाऊ द्यायची नसेल, तर केल्टनर चॅनेल वापरून पाहावं.

चेस्टर केल्टनर यांनी 1960 मध्ये मांडलेलं चॅनेल साध्या सरासरीचं होतं. पुढे लिंडा रॅश्के यांनी त्यात घातांकी सरासरी, म्हणजे ईएमए आणली आणि पट्ट्याची रुंदी एटीआरवर बेतली. एटीआर म्हणजे शेअर दिवसाला सरासरी किती हलतो तो आकडा. त्यात कालच्या बंद भावापासूनची गॅपही धरलेली असते. ट्रेडिंगव्ह्यूवर `Keltner Channels` लावा आणि `Length` 20, `Multiplier` 2, `ATR Length` 10 ठेवा. मधली रेषा ईएमएची, तिच्या वर-खाली दोन-दोन एटीआरवर पट्टे.

बॉलिंजर बँडची रुंदी मात्र 20 दिवसांचे बंद भाव त्यांच्या सरासरीपासून किती विखुरले आहेत, यावर ठरते. खरी गोम इथेच आहे. भाव एका दिशेने चालत राहिला की त्या चालीलाच हे गणित विखुरणं समजतं आणि बँड रुंद करतं.

उदाहरण घेऊ. एक शेअर रोज 3 रुपये वाढत 600 वर बंद झाला आहे आणि त्याचा एटीआर 10 रुपये आहे. 20 दिवसांची सरासरी, साधी असो वा घातांकी, 571.50 वर येते. केल्टनरचा वरचा पट्टा 591.50 वर, म्हणजे भाव त्याच्या बाहेर. बॉलिंजरचा वरचा बँड 606 च्या आसपास, म्हणजे भाव आतच. हाच शेअर रोज 3 रुपयांऐवजी 30 पैशांनी सरळ चढत गेला असता, तरी भाव बॉलिंजरच्या आतच दिसला असता. केल्टनर मात्र शेअरची चाल त्याच्या रोजच्या हालचालीशी ताडून पाहतं. म्हणून भाव वरच्या पट्ट्याबाहेर टिकला, तर तेजीत दम आहे असं म्हणता येतं.

दुसऱ्या दिवशी निकाल चांगले लागले, गॅप देऊन भाव उघडला, 640 पर्यंत गेला आणि 636 वर बंद झाला, असं समजा. खालचा बॉलिंजर बँड 537 वरून 534 वर घसरतो. भाव 36 रुपयांनी वर आणि बँड खाली! त्याला धरून स्टॉपलॉस ठेवणाऱ्याने काय करायचं? केल्टनरचा खालचा पट्टा 551.50 च्या जवळच थांबतो आणि मधली रेषा 577.60 पर्यंत वर सरकते.

आता सौदा कसा करायचा ते पाहू. ईएमए वर झुकलेली असताना भाव वरच्या पट्ट्याबाहेर बंद झाला, की खरेदी करा. बंद भावाचीच वाट पाहा, दिवसभरातल्या उसळीला भुलू नका. 600 ला घेतला आणि 571.50 ला बाहेर पडायचं ठरवलं, तर शेअरमागे जोखीम 28.50 रुपयांची. एकूण 5,000 रुपयेच पणाला लावायचे असतील तर 175 शेअर घ्या, त्याहून जास्त नको. पुढे भाव वरच्या पट्ट्याला कितीदाही टेकला तरी विकू नका. ईएमएच्या खाली बंद झाला की मात्र दुसऱ्या दिवशी बाहेर पडा. खाली गॅप पडली तर तोटा 5,000 च्या पुढे जाऊ शकतो, हेही गृहीत धरा.

ही पद्धत मार खाते ती आडव्या बाजारात. भाव बाहेर डोकावतो, दोन-तीन दिवसांत आत येतो आणि छोटे छोटे तोटे साचत जातात. ईएमए सपाट पडलेली असेल तर असे इशारे सोडून द्यावेत. बॉलिंजर उपयोगी पडतो तो इथे. त्याचे दोन्ही बँड केल्टनरच्या आत शिरले, तर शेअर दबून बसला आहे असं समजा. बँड पुन्हा बाहेर पडेपर्यंत हात आखडता घेतलेला बरा.

आणखी एक तपासणी करा. बोनस किंवा स्प्लिटनंतरचा चार्ट समायोजित नसेल, तर एका दिवसात भाव निम्मा झालेला दिसतो. एटीआर त्यामुळे फुगतो आणि पट्टे पुढचे कित्येक दिवस निरुपयोगी ठरतात. अशा चार्टवर सौदा करू नका.

तेजीवर स्वार होऊन राहायचं असेल तर माझा कौल केल्टनरला आहे. बॉलिंजर फक्त ती सुरू होण्याआधीची शांतता ओळखायला ठेवा.