कुंडीतील ओलाव्याची सूचना

गच्चीवरील कुंडीची वरची माती उन्हाने लवकर सुकते; मुळांजवळ मात्र ओल टिकून असते. केवळ वरचा थर पाहून पाणी घातल्यास मुळे कुजतात. सूक्ष्मनियंत्रक व संवेदक यांच्या साहाय्याने ही खोलवरची ओल मोजता येते.

दोन उघड्या दांड्यांचा संवेदक स्वस्त असला, तरी विद्युत्प्रवाहामुळे त्या दांड्या झिजतात. लेप दिलेली, धारिता मोजणारी पट्टी अधिक टिकते. ती खुणेच्या रेषेपर्यंतच रोवावी व वरचे विद्युत्भाग पाण्यापासून जपावेत.

अर्डुइनो उनो हे मापन ० ते १०२३ या आकड्यांत दाखवितो. माती सुकते तसा आकडा वाढतो. समजा, टोमॅटोच्या कुंडीत पाण्याचा निचरा झाल्यावर आकडा ३४० आला आणि बोटभर खोलीवर माती कोरडी लागली तेव्हा ४८०. तर ४८० च्या वर बझर वाजावा व ४२० च्या खाली आल्यावरच थांबावा. एकच मर्यादा ठेवल्यास तो वारंवार वाजतो व थांबतो.

पाणी देऊनही आकडा उतरत नसल्यास पट्टीभोवती पोकळी असण्याचा संभव असतो. माती दाबून पुन्हा पाहावे. प्रत्येक कुंडीतील माती-खताचे मिश्रण निराळे असल्याने एकीचे आकडे दुसरीस लावू नयेत.