कल्पना ते कन्सेप्ट : एका पानात मावणारी गोष्ट

बारावीतली एक मुलगी वडिलांना घेऊन माझ्याकडे आली होती. संगमनेर तालुक्यातलं प्रवरेकाठचं गाव, घरी आठ एकर ऊस. तिला अ‍ॅनिमेशन शिकायचं होतं आणि लहान मुलांसाठी एक छोटी फिल्म करायची होती. वडिलांचा प्रश्न सरळ होता, "सर, कोर्सला पैसे भरू, पण हिच्याकडे काही आहे का, ते कसं ओळखायचं?"

मी मुलीला विचारलं, "फिल्म कशावर आहे?" ती म्हणाली, "ऊसतोड आणि बिबट्या."

अशा मुलांकडे कल्पना असतेच, पण बहुतेक वेळा ती विषयापाशीच थांबलेली असते. विषयाची गोष्ट व्हायला तीन गोष्टी लागतात : आशय, हुक आणि शेवट. या तिन्ही एका पानावर मांडता आल्या की त्याला कन्सेप्ट म्हणतात. मुलाकडे काही आहे का, हे ओळखायची माझ्या माहितीतली सगळ्यात स्वस्त आणि खरी परीक्षा हीच. तिला कागद, पेन्सिल आणि आठ-दहा दिवस पुरतात.

आधी पान कशासाठी?

अ‍ॅनिमेशनमध्ये सेकंदाला 24 फ्रेम दिसतात. हाताने काढताना साधारणपणे एक चित्र दोन फ्रेम धरतात, म्हणजे सेकंदाला 12 चित्रं. पाच मिनिटांच्या फिल्मला 3,600 चित्रं झाली. दोन हजार चित्रं काढून झाल्यावर शेवट जमत नाही असं कळलं, तर गेलेले महिने परत येत नाहीत. तीच चूक पानावर सापडली, तर खोडरबराने दुरुस्त होते.

पालकांच्या पिढीला 'एक अनेक और एकता' आठवत असेल. फिल्म्स डिव्हिजनसाठी विजया मुळे यांनी 1974 मध्ये केलेली ही छोटी अ‍ॅनिमेशन फिल्म दूरदर्शनवर वर्षानुवर्षं लागत असे. तिचा विषय राष्ट्रीय एकात्मता, म्हणजे भाषणात हमखास कंटाळवाणा होणारा. पण फिल्म सुरू होते ती एका लहान मुलाच्या शंकेने : अनेक म्हणजे काय? हा हुक. मग जाळ्यात सापडलेल्या चिमण्या एकदम उडतात आणि जाळंच उचलून नेतात. आशय इथे डोळ्यांना दिसतो. पुढे उंदीर जाळं कुरतडून त्यांना सोडवतात आणि गोष्ट पुरी होते. एवढा मोठा विषय मुलाच्या एका शंकेत आणि एका जाळ्यात मावला आहे.

आशय : विषयाच्या पोटातलं एक वाक्य

मुलीने पहिल्या खेपेला लिहून आणलं ते असं : ऊसतोड मजुराच्या मुलीला फडात बिबट्याचं पिल्लू सापडतं. ती ते कोपीत आणते, दूध पाजते, दोघांची मैत्री होते. आई बिबट्या चिडून येते, गावात घबराट पसरते, वन खात्याचे लोक येतात आणि सगळे वन्यजीव वाचवायची शपथ घेतात.

यात तीन वेगवेगळ्या फिल्म कोंबल्या होत्या. आशयाच्या जागी होतं 'वन्यजीव वाचवा', आणि ही भिंतीवर रंगवायची घोषणा आहे. घोषणा आणि आशय ओळखायची माझी खूण साधी आहे. घोषणा सगळ्यांना आधीच मान्य असते, त्यामुळे तिच्यासाठी गोष्टीत कुणाला काही सोसावं लागत नाही. आशय खरा ठरवायचा, तर पात्राला अवघड काहीतरी करावं लागतं.

त्या पानात दुसराही एक दोष होता आणि तो जास्त गंभीर होता. मुलांच्या फिल्ममध्ये पात्र जे करतं, ते पाहणारं मूल उद्या करून बघू शकतं. आपल्या जिल्ह्यात अकोले, संगमनेर, राहुरीच्या ऊसपट्ट्यात बिबट्याची पिल्लं खरोखर सापडतात. अकोले परिसरात विद्या अत्रेय यांनी केलेल्या अभ्यासातून बिबटे शेतशिवारातच राहतात आणि तिथेच पिल्लं वाढवतात, हे जगापुढे आलं. पिल्लू उचलून घरी नेणारी नायिका दाखवली, तर ती फिल्म सहा वर्षांच्या मुलाला धोक्यात ढकलेल.

मी तिला म्हटलं, "बिबट्या क्षणभर बाजूला ठेव. फडावरच्या मुलांचं काय बघितलंस, ते सांग."

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "ती संध्याकाळी बांधावर बसून असतात. आई-बाप गाडी घेऊन कारखान्यावर गेलेले असतात. गाड्यांची रांग असली की रात्र होते. ती वाट बघतात."

फिल्म इथे सापडली. पिल्लूही वाट बघतं, मुलगीही वाट बघते. आशयाचं वाक्य तिने स्वतः लिहिलं : आई परत येईपर्यंत धीर धरणं, हेही धाडसच आहे. यात बिबट्याचं नाव नाही आणि उसाचंही नाही. तरी प्रत्येक प्रसंग या वाक्यावर घासून बघता येतो. दूध पाजण्याचा प्रसंग त्यावर टिकला नाही, म्हणून तो गेला. शपथही गेली.

शेवट : मधल्या भागाच्या आधी लिहायचा

नवखे लोक सुरुवातीपासून लिहायला लागतात आणि मध्येच अडकतात. शेवट आधी ठरला, की मधला रस्ता आपोआप आखला जातो. मी तिला चार शेवट लिहायला सांगितले.

पहिल्यात मुलगी आई बिबट्याला मिठी मारते. हे खोटं होतं. दुसऱ्यात पिल्लू निवारा केंद्रात जातं. हे घडू शकतं, पण आशयाच्या नेमकं उलट आहे, कारण आई परत येतच नाही. तिसऱ्यात आई येते आणि पिल्लू घेऊन जाते. हा खरा होता, पण त्यात मुलगी नुसती बघत उभी होती. चौथा तिला सुचत नव्हता.

तेव्हा इतका वेळ गप्प बसलेले तिचे वडील बोलले. तीन वर्षांपूर्वी त्यांच्याच फडात तोड चालू असताना पिल्लू सापडलं होतं. "वन खात्याच्या माणसांनी संध्याकाळी ते क्रेटमध्ये घातलं आणि जिथं सापडलं तिथंच ठेवलं. कॅमेरा लावला. आम्हाला सांगितलं, लांब व्हा, बॅटरी मारू नका, आवाज करू नका. गर्दी असली की मादी येत नाही. सकाळी गेलो तर क्रेट आडवा पडलेला. पिल्लू नव्हतं. भिजल्या मातीत पंजे होते, तेवढेच."

मुलगी वहीत भराभर लिहीत होती. आडवा पडलेला क्रेट आणि पंजे : पाहणाऱ्याला सगळं कळतं आणि बिबट्या पूर्ण दाखवावाही लागत नाही. त्याच पंजांशेजारून सकाळच्या उजेडात मुलीच्या आई-वडिलांची बैलगाडी येते. दोन आया, एकच वाट. फिल्मचं नावही त्यातून निघालं, कारण मराठीत 'वाट' चालायचीही असते आणि बघायचीही.

मुलीच्या कृतीचा प्रश्नही सुटला. तिला पिल्लाजवळ जायचंय, पण ते परत मिळायला हवं असेल तर तिनं लांबच राहिलं पाहिजे. जवळ न जाणं हीच तिची अवघड गोष्ट झाली.

हुक : पहिल्या वीस सेकंदांतला प्रश्न

हुक म्हणजे दणका किंवा डरकाळी, असा एक समज आहे. दणक्याने मूल दचकतं, पण पुढे काय होणार हे जाणून घ्यायला ते थांबतं ते प्रश्नामुळे. तो प्रश्न आशयाच्याच घरातला हवा.

तिने काढलेली सुरुवात अशी होती. वरून दिसणारा हिरवा चौकोन, म्हणजे उभा ऊस. चारही बाजूंनी कोयते चालतात, मोळ्या पडतात, चौकोन लहान लहान होत जातो. शेवटी खोलीएवढा तुकडा उरतो आणि वारा नसताना त्याच्या मधोमध पानं हलतात. एक शब्दही न बोलता प्रश्न उभा राहतो : आत कोण आहे, आणि ऊस संपला की ते कुठे जाईल?

तयार झालेलं पान

नाव : वाट. लांबी : पाच मिनिटं, संवाद नाहीत. वय : 6 ते 9.

एका ओळीत : तोड संपलेल्या फडात एकटं पडलेलं बिबट्याचं पिल्लू आईला परत मिळावं, म्हणून ऊसतोड मजुराची सात वर्षांची मुलगी एक रात्र त्याच्यापासून लांब राहते.

आशय : आई परत येईपर्यंत धीर धरणं, हेही धाडसच आहे.

हुक : आक्रसत जाणारा हिरवा चौकोन आणि वाऱ्यावाचून हलणारी पानं.

मधला पेच : पिल्लू दिसताच मुलगी मोठ्यांना हाक मारते. वन खात्याची माणसं पिल्लू क्रेटमध्ये घालून तिथेच ठेवतात, सगळ्यांना मागे हटवतात. आई-वडील कारखान्यावर गेलेत. कोपीत आजी आणि झोळीतला धाकटा भाऊ. लांबून पिल्लाचा आवाज येतो, तो ऐकून भाऊ रडू लागतो. मुलीला दोघांकडेही धावावंसं वाटतं. ती दिवा मालवते, झोळी हलवत राहते आणि अंधारात जागी राहते.

शेवट : पहाट. आडवा क्रेट, मातीत पंजे, त्यांच्याच शेजारून येणारी बैलगाडी. आई उतरते. मुलगी आता झोपते.

रूप : पाचटाचा पिवळा आणि रात्रीचा निळा, हे दोनच रंग मुख्य. एकच जागा, मोजकी पात्रं.

पान जमलं का, कसं ओळखायचं?

सात-आठ वर्षांच्या मुलाला फक्त हुक सांगा आणि थांबा. 'आवडलं का?' असं विचारू नका, मुलं हो म्हणतात. 'पुढे काय?' हे त्याने आपणहून विचारलं, तर हुक लागला. मग पूर्ण गोष्ट सांगा आणि दुसऱ्या दिवशी तीच त्याच्याकडून ऐका. तो जे विसरला, ते बहुधा जास्तीचं आहे. शेवट समजावून सांगावा लागला, तर शेवट अजून चित्रात उतरलेला नाही. आणि पान दीड पानावर गेलं, तर आशय बहुतेक दोन झालेत.

पालकांसाठी

एनआयडीमध्ये अ‍ॅनिमेशन फिल्म डिझाइन आणि आयआयटी मुंबईच्या आयडीसीमध्ये अ‍ॅनिमेशन शिकवलं जातं. बारावीनंतर एनआयडीची प्रवेश परीक्षा आणि यूसीड या दोन्ही कोणत्याही शाखेच्या विद्यार्थ्याला देता येतात. पोर्टफोलिओ दाखवायची वेळ येते, तेव्हा गुळगुळीत चित्रांइतकंच विचार कसा बदलत गेला, हेही पाहिलं जातं. म्हणून पहिली फसलेली पानं फाडू नका, तारखा घालून ठेवा. सॉफ्टवेअरच्या कोर्सला पैसे भरण्याआधी अशी तीन पानं लिहून घ्या. तीन वेगळ्या विषयांवर मूल पुन्हापुन्हा खोडून लिहायला बसलं, तर फीचा विचार जरूर करा. पहिल्याच पानाला कंटाळलं, तर कदाचित त्याचा ओढा गोष्टीपेक्षा चित्रांकडे किंवा तंत्राकडे असेल. त्यालाही या क्षेत्रात कामं आहेत, पण तो रस्ता वेगळा.

त्या मुलीचं पान पाचव्या खेपेला पुरं झालं. शेवटाच्या ओळीत तिने 'उलटा क्रेट' लिहिलं होतं. त्यावर वेगळ्या अक्षरात, निळ्या पेनाने दुरुस्ती होती : 'उलटा नाही, आडवा.' अक्षर वडिलांचं होतं.