काळू स्वच्छ होता, पिसवा घरात होत्या

गणपती आटोपून अकराव्या दिवशी आम्ही गावाहून परतलो. भिवंडीजवळच्या पूर्णा गावातलं आमचं घर तेवढे दिवस बंद होतं. काळूला शेजारच्या गोदामाच्या रखवालदाराकडे ठेवलं होतं, म्हणजे घरात ना माणूस ना कुत्रा. कुलूप काढून आत गेलो आणि मिनिटभरात मुलीच्या पायांवर पिसवा चढल्या. घोट्याभोवती लाल चट्टे उठले.

त्याआधी पावसाळाभर मी फक्त काळूवर औषध करत होते. मानेवर टाकायचं थेंबांचं औषध एकदा टाकलं, आठवडाभर तो शांत झोपला. मग पुन्हा खाजवायला लागला. औषध बनावट निघालं असं समजून मी आठव्या दिवशी दुसरी मात्रा टाकली. जनावरांच्या डॉक्टरांनी त्यावर मला रागावून सांगितलं की महिन्याचं औषध महिन्यालाच द्यायचं, घाईने पुन्हा दिलं तर कुत्र्यालाच विषबाधा होऊ शकते. मग त्यांनी विचारलं, "हा झोपतो कुठे?"

जिन्याखाली. दोन गोणपाटं आणि त्यांवर माझी जुनी गोधडी.

पिसू कुत्र्याच्या अंगावर राहते, पण तिची अंडी तिथे राहत नाहीत. रक्त प्यायला लागल्यावर दोनेक दिवसांतच मादी अंडी घालू लागते, दिवसाला चाळीसपर्यंतही. अंडी पांढरी, गुळगुळीत, मिठाच्या कणाएवढी. कुत्रा अंग झटकतो, कूस बदलतो आणि ती खाली सांडतात. जिथे तो जास्त वेळ झोपतो तिथे जास्त. त्यांतून निघालेली अळी उजेडापासून पळते, गोधडीच्या शिवणीत आणि लाद्यांच्या फटीत शिरते आणि मोठ्या पिसवांच्या विष्ठेतलं वाळलेलं रक्त खाऊन वाढते. कोरड्या हवेत ती मरते. भिवंडीच्या पावसाळ्यात, जिन्याखालच्या ओलसर सावलीत तिला सगळं आयतं मिळतं.

पुढची अवस्था मला सगळ्यांत जास्त फसवून गेली. अळी स्वतःभोवती चिकट कोश विणते. त्याला धूळ चिकटते, त्यामुळे तो दिसत नाही आणि फवारणीचं औषधही आत नीट पोचत नाही. आत पिसू तयार झाली तरी लगेच बाहेर येत नाही. पावलांचा दाब, अंगाची ऊब आणि श्वास जाणवेपर्यंत ती कित्येक आठवडे, कधी काही महिनेसुद्धा थांबते. बंद घरात त्या थांबल्या होत्या आणि आमच्या पावलांनी जाग्या झाल्या. थेंबांचं औषध आपलं काम चोख करत होतं. अंगावर आलेली पिसू मरत होती, पण जमिनीतून रोज नवी येत होती.

मग आम्ही घराला हात घातला. गोणपाटं टाकून दिली. गोधडी, चादरी, काळूचा पट्टा सोसेल तितक्या कडकडीत पाण्यात भिजवून धुतले. आधी मी गोधडी नुसती उन्हात टाकत असे. वरची बाजू तापते, अळ्या खालच्या घडीत सरकतात. एका ओळखीच्या ताईंचं धूळ ओढायचं मशीन आणून जिन्याखाली, पलंगाखाली आणि भिंतीलगतच्या फटींतून एक दिवसाआड फिरवलं. त्याच्या हादऱ्याने कोशातल्या पिसवा बाहेर येतात, तेव्हा कचऱ्याची पिशवी लगेच घट्ट बांधून बाहेर टाकायची. मशीन नसेल तर ओल्या फडक्याने फटी पुसून काढा. कोरड्या झाडूने अंडी फक्त जागा बदलतात.

फटींमध्ये पायरिप्रॉक्सिफेन असलेली फवारणी डॉक्टरांच्या सल्ल्याने केली. त्याने अंडी-अळ्यांची वाढ थांबते. फरशी सुकेपर्यंत मुलं आणि काळू बाहेर. काळूचं औषध दर महिन्याला चालूच ठेवलं. घरात मांजर असेल तर तिलाही औषध हवं, पण तिचं वेगळं. कुत्र्यासाठीचं परमेथ्रिन मांजरीच्या जिवावर बेततं.

तिसऱ्या आठवड्यात पुन्हा पिसवा दिसल्या आणि माझा धीर सुटला. डॉक्टर म्हणाले, हे उरलेले कोश फुटताहेत, सफाई थांबवू नका. बहुतेक जण इथेच औषध बदलतात.

खात्री करायला मी दोन गोष्टी करत असे. काळूला पांढऱ्या कागदावर विंचरायचं, पडलेले काळे कण ओल्या कापसावर घ्यायचे. माती तशीच राहते, पिसवेच्या विष्ठेभोवती तांबूस डाग पसरतो. आणि संध्याकाळी पांढरे मोजे घालून जिन्याखाली पाच मिनिटं उभं राहायचं. पहिल्या दिवशी मोज्यांवर अकरा मोजल्या होत्या. दिवाळीच्या आवराआवरीत पलंग सरकवला तेव्हा एक दिसली. त्यानंतर महिनाभर मोजे कोरे राहिले, तरी काळूचे थेंब मी अजून चुकवत नाही. गोदामाच्या आवारातली मोकाट कुत्री त्याची रोजची सोबती आहेत.