शंका-समाधान: उत्तर 40 की 24?

शंका: x = 0, y = 0 आणि x + 2y = 4 या रेषांनी पहिल्या चरणात जो त्रिकोण होतो, त्याच्यावर आणि z = 8 − x − y या तिरप्या प्रतलाखाली किती घनफळ आहे, असं गणित आहे. मी x च्या सीमा 0 ते 4 आणि y च्या 0 ते 2 घेतल्या. उत्तर 40 आलं. पुस्तकात 24 आहे. माझं कुठे चुकलं?
— बी.एस्सी.ची एक विद्यार्थिनी

समाधान: तुमचं संकलन बरोबर आहे, पण ते आयताचं आहे. दोन्ही सीमा स्थिर आकडे घेतले, की 4 बाय 2 चा अख्खा आयत हिशेबात येतो. आपल्याला हवा आहे त्याचा तिरप्या रेषेखालचा भाग.

म्हणून आधी त्रिकोण कागदावर काढा. शिरोबिंदू (0, 0), (4, 0) आणि (0, 2). आता y एका जागी धरा आणि x-अक्षाला समांतर एक आडवी रेघ ओढा. ती y-अक्षावर सुरू होते आणि तिरप्या रेषेला भेटली की थांबते, म्हणजे x = 4 − 2y पाशी. आतल्या संकलनाची वरची सीमा हीच:

```
V = ∫[y=0→2] ∫[x=0→4−2y] (8 − x − y) dx dy
```

आतलं संकलन करताना y ला स्थिरांक समजा:

```
(8 − y)(4 − 2y) − (4 − 2y)²/2 = 24 − 12y
```

y² ची पदं एकमेकांना उडवतात. राहिलेल्याचं 0 ते 2 संकलन केलं की 48 − 24 = 24. आधी y घेऊनही हेच उत्तर येतं. तेव्हा y ची वरची सीमा 2 − x/2 होते आणि बाहेरच्या संकलनासाठी 14 − 5x + 3x²/8 उरतं. अपूर्णांकांचा हा त्रास नको म्हणून मी इथे x आधी घेतला. क्रम बदलला की सीमा मात्र आकृतीवरून नव्याने वाचायच्या. 4 − 2y ही सीमा चुकून बाहेरच्या संकलनाला लागली, तर शेवटच्या उत्तरात y शिल्लक राहतो. घनफळात अक्षर उरलं, की चूक तिथेच आहे असं समजा.

काही जण 40 चं निम्मं करून 20 लिहितात. त्रिकोण आयताचा अर्धा आहे हे खरं, पण प्रतल आरंभबिंदूपासून दूर जाताना खाली उतरतं, त्यामुळे जवळच्या अर्ध्यावर उंची जास्त आहे. तिथे 24 आणि पलीकडच्या अर्ध्यावर 16.

पडताळा तोंडी होतो. तिन्ही शिरोबिंदूंवर प्रतलाची उंची 8, 4 आणि 6, म्हणजे सरासरी 6. त्रिकोणाचं क्षेत्रफळ 4. गुणाकार 24. मध्यगासंपातावरची उंचीसुद्धा 6 च आहे. वक्र पृष्ठभागाला मात्र ही युक्ती लावू नका, ती प्रतलापुरतीच खरी आहे.

शिवाय उंची तिन्ही टोकांना धन आहे ना, तेही पाहा. याच त्रिकोणावर z = 6 − 2x − y असतं, तर (4, 0) पाशी उंची −2 झाली असती. मग संकलन जमिनीखालचा भाग वजा करून देतं आणि त्या आकड्याला घनफळ म्हणता येत नाही.