चाळीस टक्के नफा हवा, तर मेणबत्ती कितीला विकायची?

दिवाळीच्या प्रदर्शनासाठी घरी सुगंधी मेणबत्त्या करणारे अनेकजण मालाच्या बिलांची बेरीज करतात, तिला नगांनी भागतात आणि वर चाळीस टक्के चढवून किंमत लावतात. हिशेब चोख वाटतो, पण हंगाम संपल्यावर गल्ल्यात चाळीस टक्के उरत नाहीत. ते कुठे जातात, हे एका घाण्यावरून पाहू. आकडे उदाहरणापुरते आहेत. त्यांच्या जागी आपल्या बिलातले घालावेत.

समजा, काचेच्या बरण्यांत सोया मेणाच्या 30 मेणबत्त्या ओतायच्या आहेत आणि प्रत्येकीत 150 ग्रॅम मेण जाते. म्हणजे साडेचार किलो मेण, 320 रुपये किलोने 1440 रुपये. सुगंधी तेल मेणाच्या वजनाच्या आठ टक्के धरले तर 360 ग्रॅम, त्याचे 720. झाकणासह बरण्या 1350, वाती 120, लेबल आणि खोकी 540. कुरिअर आणि मालावर भरलेला जीएसटी मिळून 330. आपली जीएसटी नोंदणी नसेल तर हा कर परत मिळत नाही, म्हणून तो खर्चातच धरायचा. एकूण 4500 रुपये, म्हणजे नगाला 150.

पण विकायला 30 नग उरत नाहीत. एक मेणबत्ती स्वतः जाळून पाहावीच लागते. वात बारीक पडली तर मेण मधोमध खड्डा पडून वितळते आणि कडेचे तसेच राहते. जाड पडली तर ज्योत उंच होते, काजळी धरते आणि बरणी फार तापते. ही चाचणी टाळून पैसे वाचवू नयेत. शिवाय एखादी बरणी तडकते, एखादीची वात कलते. बिघडलेले मेण पुन्हा वितळवता येते, पण वात, लेबल आणि वेळ वाया जातोच. म्हणून 27 नगच विक्रीयोग्य धरू.

आता आपली मेहनत. वितळवणे, ओतणे, वाती कापणे, लेबल लावणे, खोकी भरणे असे सात तास, तासाला 120 रुपयांनी 840. गॅस आणि वीज 60. एकूण खर्च 5400 झाला. 27 ने भागला की नगाला बरोबर 200 रुपये. मजुरी नफ्यातून वसूल होईल असे म्हणू नये. उद्या मदतीला कोणी ठेवले, तर तो पगार याच किमतीतून द्यावा लागेल.

खरी गफलत पुढे होते. शाळेत शेकडा नफा खरेदी किमतीवर काढायला शिकवतात. त्या रीतीने 200 वर चाळीस टक्के म्हणजे 280 रुपये. पण 280 ला विकल्यावर उरलेले 80 रुपये विक्रीच्या साडेअठ्ठावीस टक्केच भरतात. दुकानदाराचे कमिशन, ग्राहकाला दिलेली सूट, सगळे विक्री किमतीवर मोजले जाते. आपला नफाही त्याच मापाने मोजला तरच हिशेब जुळतो. शंभरातले चाळीस आपले, तर खर्चाला साठ उरतात. म्हणून 200 ला 0.60 ने भागायचे. उत्तर 333 रुपये. किंमत 340 लावावी.

एखाद्या दुकानात विक्रीवर वीस टक्के कमिशन देऊन माल ठेवला, तर शंभरातले आणखी वीस गेले. आता 200 ला 0.40 ने भागायचे: 500 रुपये. त्यातले 100 दुकानाचे, 200 खर्चाचे, 200 आपले. त्या दुकानात इतकी किंमत मिळणार नसेल, तर उलटा हिशेब करावा. 400 ला विकली तर 80 कमिशन आणि 200 खर्च जाऊन 120 उरतात, म्हणजे तीस टक्के. तेवढ्यावर माल ठेवायचा की नाही, हे आधीच ठरवावे.

प्रदर्शनातल्या स्टॉलचे भाडे मात्र नगाच्या खर्चात मिसळू नये, कारण किती नग खपतील हे आधी कळत नाही. 340 ला विकताना नगामागे 140 सुटतात. भाडे 1500 असेल तर ते भरून निघायला 11 मेणबत्त्या लागतात. नफा बारावीपासून सुरू होतो. तेवढ्याही विकल्या जाण्याची खात्री नसेल, तर दुसऱ्या कोणाबरोबर स्टॉल वाटून घ्यावा.

आणि शेवटच्या दिवशीची सूट. 340 वर दहा टक्के सोडले की किंमत 306 होते, पण नगामागचा नफा 140 वरून 106 वर येतो, म्हणजे जवळजवळ चौथा हिस्सा जातो. सूट द्यायचीच असेल तर ती किंमत ठरवतानाच धरावी: 340 ला 0.90 ने भागले की 378 येतात. लेबलवर 380 छापले, तर सूट देऊनही आपले चाळीस टक्के शाबूत राहतात.