ऑफिसात बसल्या जागी अचानक धडधड? आधी श्वास सोडा

समजा, महिन्याची २० तारीख आहे. जीएसटी रिटर्न भरायचंय, आजूबाजूला दहा जण बोलतायत, आणि अचानक तुमची छाती धडधडायला लागते. बोटांना मुंग्या, डोकं हलकं. वाटतं, श्वासच पुरत नाहीये.

खरं तर बहुतेक वेळा श्वास कमी पडत नसतो, जास्त होत असतो. भराभर श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो. मुंग्या, गरगरणं त्यातूनच येतं. म्हणून 'मोठा श्वास घे' हा नेहमीचा सल्ला इथे उलटा पडतो.

मग करायचं काय? नजर स्क्रीनवरच ठेवा, एखादं बिल तपासताय अशी. तोंड बंद. नाकाने हलका श्वास घेताना मनात तीन मोजा, नाकानेच सोडताना सहा. सहा जमत नसेल तर दोन आणि चार करा. खांदे वर उचलू नका, शेजारच्याला तेच आधी दिसतं. पावलं जमिनीवर दाबून ठेवा आणि बिलातले आकडे एकेक करून मनात वाचा.

दोन मिनिटांत फरक पडला नाही म्हणून सोडू नका. ही लाट साधारण दहा मिनिटांत टोकाला जाते, मग ओसरते. मध्येच कुणी काही विचारलं तर "एवढी एंट्री संपवतो, मग बोलू" एवढं पुरे.

पण छातीत दाब येऊन कळ हातात किंवा जबड्यात जात असेल, तर लपवत बसू नका. शेजारच्याला सांगा आणि लगेच हॉस्पिटल गाठा. त्रास पहिल्यांदाच झाला असेल, तर ओसरल्यावरही डॉक्टरांना दाखवून घ्या.