रोज घेणाऱ्याला तापाची गोळी किती?

शंका : आम्ही मूळचे शिरपूरकडचे. मिस्टर चलथाणला कापडाच्या प्रोसेस हाऊसमध्ये कामाला आहेत. बारा-चौदा वर्षांपासून रोज संध्याकाळी घेतात. श्रावणात त्यांना ताप आला, अन्न जाईना, त्यामुळे दारूही आपोआप बंद झाली. मी मेडिकलवरून डोलो ६५० आणून दिवसातून तीनदा दिली. अंग फार ठणकत होतं म्हणून सकाळ-संध्याकाळ कॉम्बिफ्लाम, आणि नाक वाहत होतं म्हणून सर्दीची गोळी, तीही दोनदा. चौथ्या दिवशी डॉक्टरांनी रक्त तपासलं. एसजीओटी १६८ आणि एसजीपीटी ७४ आली. "या गोळ्या लिव्हर खातात, बंद करा" म्हणाले. आता बरे आहेत. वजन ४६ किलो. पुन्हा ताप आला तर द्यायचं काय? *– एक भगिनी, चलथाण (जि. सुरत)*

समाधान : ताई, तुम्ही गोळ्यांची नावं आणि वेळा नीट लिहून पाठवल्यात, त्यामुळे हिशोब करता येतो. डोलो तीन म्हणजे १९५० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल. कॉम्बिफ्लाममध्ये आयबुप्रोफेनच्या जोडीला ३२५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असतं, दोन गोळ्यांचं झालं ६५०. सर्दीच्या बहुतेक गोळ्यांतही तेच असतं, बऱ्याचदा ५००, म्हणजे आणखी १०००. बेरीज ३६०० मिलिग्रॅम. तुमच्या लेखी तीन वेगळी औषधं होती, यकृताच्या लेखी ते एकच औषध तीन पाकिटांतून आलं होतं.

निरोगी, धडधाकट प्रौढाला दिवसाला कमाल ४००० मिलिग्रॅम चालतं, असं पुस्तकात असतं. ही मर्यादा ४६ किलोच्या माणसाची नव्हे. ३६०० ला ४६ ने भागा, किलोमागे ७८ येतात. दिवसाला किलोमागे ७५ च्या वर गेलं, की दारूला न शिवणाऱ्या माणसाचंही रक्त तपासून पाहावं लागतं. इथं तर माणूस रोज घेणारा, चार दिवस उपाशी आणि नुकती दारू तुटलेला. त्या तिन्ही गोष्टी एकाच दिशेनं ओढणाऱ्या आहेत.

पॅरासिटामॉलचा मोठा भाग यकृत निरुपद्रवी करून लघवीवाटे काढून टाकतं. थोडा भाग मात्र एका वेगळ्या एन्झाइमच्या वाटेनं जातो आणि त्यातून यकृताच्या पेशी जाळणारा एक विषारी पदार्थ तयार होतो. एरवी त्याचा त्रास होत नाही, कारण पेशीत ग्लुटाथायोन नावाचा साठा असतो आणि तो त्या विषाला जागच्या जागी निकामी करतो. रोजच्या दारूनं दोन गोष्टी होतात. विष बनवणारं एन्झाइम वाढतं आणि ग्लुटाथायोनचा साठा घटतो. हा साठा अन्नातल्या प्रथिनांतून भरून निघतो, म्हणून उपाशी माणसात तो आणखी खाली जातो.

आता लोकांना उलटी वाटणारी गोष्ट. दारू पोटात असते तोवर ते एन्झाइम दारूतच गुंतलेलं असतं, त्यामुळे गोळीतून विष त्या मानानं कमी बनतं. दारू उतरली की वाढलेलं एन्झाइम मोकळं होतं आणि ते लगेच ओसरत नाही, काही दिवस तसंच राहतं. म्हणून "तापात त्यांनी थेंबही घेतला नव्हता" ही बाब दिलाशाची नाही. गोळीच्या दृष्टीनं तेच दिवस जपायचे.

असं असूनही तुमच्या मिस्टरांना गोळ्यांनी इजा केली, असं मला तुमच्या रिपोर्टवरून वाटत नाही. एसजीओटी ही एसजीपीटीच्या दुपटीहून जास्त आणि दोन्ही आकडे शे-दोनशेच्या आत, ही दारूनं दुखावलेल्या यकृताची नेहमीची खूण आहे. दारूच्या यकृतदाहात हे आकडे सहसा तीनशेच्या पुढे जात नाहीत. पॅरासिटामॉलनं यकृत जळलं की ते हजारांत जातात, कधी दहा हजारांच्याही वर. पिणाऱ्या माणसाचा एसजीओटी अडीच-तीन हजार आला आणि कुणी "दारूमुळे असेल" म्हणून सोडून दिलं, तर तिथंच थांबवून गेल्या चार दिवसांत कुठल्या गोळ्या खाल्ल्या ते विचारायला हवं. म्हणजे १६८ हा आकडा तुमच्या गोळ्यांपेक्षा त्या बारा-चौदा वर्षांचा आहे.

तुमच्या डॉक्टरांची भीती मात्र पोकळ नाही. अमेरिकेतल्या झिमरमन आणि मॅड्री या दोन यकृततज्ज्ञांनी १९९५ मध्ये नियमित पिणाऱ्या ६७ रुग्णांची माहिती छापली. त्यांनी जीव द्यायला नव्हे, तर दुखण्यासाठी गोळ्या घेतल्या होत्या. त्यातल्या सुमारे ४० टक्के लोकांचा डोस दिवसाला ४ ग्रॅमच्या आतच होता आणि एकूण रुग्णांपैकी पाचातला जवळपास एक दगावला. त्याच सुमाराचं गाजलेलं प्रकरण म्हणजे अँटोनिओ बेनेडी यांचं. थोरले बुश राष्ट्राध्यक्ष असताना ते त्यांच्या कार्यालयात सहायक होते. रात्रीच्या जेवणाबरोबर वाइन घ्यायची सवय होती. १९९३ मध्ये फ्लू झाला म्हणून त्यांनी काही दिवस टायलेनॉल, म्हणजे आपलं पॅरासिटामॉलच, घेतलं. तेही पाकिटावरच्या मर्यादेत, असं त्यांचं म्हणणं होतं. यकृत निकामी होऊन प्रत्यारोपण करावं लागलं. पुढच्या वर्षी ज्युरीनं कंपनीला ८८ लाख डॉलरहून जास्त भरपाई द्यायला लावली. १९९८ मध्ये तिथल्या औषध प्रशासनानं, रोज तीन किंवा जास्त पेग घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारावं, अशी सूचना पाकिटावर सक्तीची केली.

याच्या उलट बाजूचा पुरावाही आहे. दारू सोडण्यासाठी दाखल झालेल्या लोकांना देखरेखीखाली दोन दिवस रोज ४ ग्रॅम पॅरासिटामॉल देऊन पाहिलं, तेव्हा त्यांच्या यकृताच्या चाचण्या नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांपेक्षा बिघडल्या नाहीत. ज्यांचं यकृत आधीच फार बिघडलेलं होतं, त्यांना त्यात घेतलं नव्हतं, हे लक्षात ठेवावं. तेव्हा पिणाऱ्यानं एक गोळी घेतली म्हणून घाबरून जायचं कारण नाही. जपायचं ते दिवसांमागून दिवस, रिकाम्या पोटी, दोन-तीन पाकिटांतून साचत जाणाऱ्या डोसला.

पुन्हा ताप आला तर साधी ५०० ची गोळी द्या, दोन गोळ्यांत किमान सहा तासांचं अंतर ठेवा, आणि ४६ किलोच्या या माणसाला दिवसात तीनच. वजन चांगलं असलं तरी रोज पिणाऱ्यानं दिवसाला २००० मिलिग्रॅमच्या पुढे जाऊ नये. गोळीआधी पेज, खिचडी, डाळीचं पाणी, काहीतरी पोटात जाऊ द्या. सर्दीची किंवा अंगदुखीची गोळी जोडीला नको. आणली असेल तर पाकिटाच्या मागे बारीक अक्षरांत पॅरासिटामॉल किंवा अॅसिटामिनोफेन लिहिलंय का ते पाहा, दोन्ही एकच.

दोन दिवसांत ताप उतरला नाही तर गोळी वाढवू नका, रक्त तपासा. सुरत, नवसारी, वलसाडकडे पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिस असतो. उसात, भातात, साचलेल्या पाण्यात पाय घालून काम करणाऱ्यांना तो गाठतो. ताप, पोटऱ्या विलक्षण दुखणं, डोळे लाल होणं, मग पिवळे पडणं आणि लघवी कमी होणं, ही त्याची चाल. चलथाणच्या साखर कारखान्याच्या पट्ट्यात राहणाऱ्यांनी हे ओळखून असावं. त्यात यकृत आणि मूत्रपिंड दोन्ही सापडतात, आणि कॉम्बिफ्लामसारखी गोळी मूत्रपिंडाला आणखी घातक. दुसरं असं, की रोजची दारू एकदम तुटली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हात थरथरणं, घाम, उलट्या, कधी अंग तापणं आणि भलतंसलतं बोलणं सुरू होतं. घरचे त्याला ताप समजून गोळ्या देत राहतात. त्याला गोळी लागत नाही, दवाखाना लागतो.

गुजरातेत दारूबंदी असल्यानं दवाखान्यात "घेता का?" विचारलं की "नाही" असंच उत्तर येतं, आणि बायकोसमोर विचारलं की हमखास. डॉक्टर डोस ठरवण्यासाठी विचारतात, त्यांना पंचनामा करायचा नसतो. तुम्हीच बाजूला जाऊन सांगा.

शंका : वडील ६८ वर्षांचे, लिव्हर सिरोसिस, पोटात दोनदा पाणी झालं होतं. दारू सोडून तीन वर्षं झाली. गुडघे फार दुखतात. यकृताला वाईट म्हणून पॅरासिटामॉल बंद केलं आणि मेडिकलवाल्यानं दिलेली डायक्लोफेनॅक चालू आहे. ठीक आहे ना? *– एक वाचक, नंदुरबार*

समाधान : नाही. डायक्लोफेनॅक आजच थांबवा आणि वडिलांच्या डॉक्टरांना कळवा.

सिरोसिसच्या माणसाची मूत्रपिंडं आधीच ताणाखाली चालतात. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, असेक्लोफेनॅक, निमेसुलाइड या जातीच्या गोळ्या मूत्रपिंडाकडचा रक्तपुरवठा कमी करतात. मग अंगात मीठ-पाणी साठतं, पोट पुन्हा फुगतं, पाणी उतरवायच्या गोळ्या लागू पडेनाशा होतात आणि क्रिएटिनिन चढतं. अन्ननलिकेत फुगलेल्या शिरा असतील तर रक्ताची उलटी होण्याचा धोका वेगळाच. यकृत वाचवायला म्हणून घेतलेली गोळी मूत्रपिंड घालवते, हे मी ओपीडीत फार पाहतो.

अशा रुग्णाला दुखण्यासाठी आम्ही पॅरासिटामॉलच देतो, फक्त मोजून. ५०० मिलिग्रॅम दिवसातून दोन-तीनदा, एकूण २००० च्या आत. वजन फार उतरलं असेल, जेवण कमी असेल किंवा रोज महिनोन् महिने लागणार असेल तर त्याहून कमी, आणि अधूनमधून रक्ततपासणी. "अजिबात नको" म्हणायची वेळ कावीळ वाढताना, झोप येत राहते, बोलणं बरळल्यासारखं होतं अशा अवस्थेत किंवा यकृत नव्यानं बिघडलेलं असताना येते. तेव्हा डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही गोळी नको. एरवी गुडघ्याला शेक, पट्टा, वर लावायचं मलम यांनी गोळीची गरज बरीच कमी होते.

सोनोग्राफीत नुसतं फॅटी लिव्हर निघालेले बरेच वाचक हाच प्रश्न विचारतात. दारू नसेल आणि सिरोसिस नसेल, तर नेहमीच्या डोसला त्यांनी घाबरू नये.

शंका : भाऊ रोज पितो. दाढदुखीनं परवा दिवसभरात ६५० च्या दहा-बारा गोळ्या खाल्ल्या. आज काही त्रास नाही. थांबावं का? *– एक वाचक, उधना*

समाधान : थांबू नका. पत्र आमच्या हाती पडायला आठवडा जातो, म्हणून कार्यालयानं तुम्हाला फोन केला. इतरांसाठी इथं लिहितो. दहा गोळ्या म्हणजे साडेसहा ग्रॅम. पहिल्या दिवशी मळमळ होते, किंवा काहीच होत नाही. उजव्या बरगडीखाली दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सुरू होतं, कावीळ आणि गुंगी त्यानंतर. उतारा आहे, अॅसिटिलसिस्टीन. यकृतातला तो ग्लुटाथायोनचा साठा तो भरून काढतो. पहिल्या आठ तासांत दिला तर यकृत जवळजवळ हमखास वाचतं, उशिरानंही उपयोग होतोच. म्हणून लक्षणांची वाट न पाहता सुरतेच्या सिव्हिलसारख्या मोठ्या रुग्णालयात जावं, रिकामी पाकिटं बरोबर न्यावीत, आणि गोळ्या एकदम नाही तर दिवसभरात थोड्या थोड्या घेतल्या हे आवर्जून सांगावं. अशा वेळी रक्तातली पॅरासिटामॉलची पातळी कमी दिसली तरी ती फसवी असते, त्यामुळे एसजीपीटी आणि आयएनआर पाहूनच पुढचं ठरवतात.